नेरुळची देवळं आणि रिलिजियस मार्केट थिअरी: एका एम.ए. पेपरचं प्रकरण

प्रकरण एका टर्म पेपरचं आहे. एम.ए. सोशिऑलॉजी, धर्माचं समाजशास्त्र हा विषय, आणि प्रश्न नेहमीचाच: रॅशनल चॉइस आणि रिलिजियस मार्केट या थिअरींचं चिकित्सक मूल्यमापन करा, शक्यतो आपल्या परिसरातलं उदाहरण घेऊन. विद्यार्थिनी नवी मुंबईतल्या नेरुळ गावठाणातली, आगरी घरातली, वाचन चांगलं आणि घरात आजी असल्यामुळे फील्डवर्क जवळजवळ फुकटात. मला तिने ड्राफ्ट पाठवला तो वाचायला छान होता, फक्त एक गोची होती, मधल्या भागात ती म्हणत होती की नेरुळमध्ये बघा किती देवळं, अय्यप्पा, बालाजी, गावदेवी, साई मंदिर, स्वामींचं केंद्र, म्हणजे स्पर्धा भरपूर आणि म्हणून लोक इतके धार्मिक, थिअरी बरोबर. आणि शेवटच्या पानावर म्हणत होती की धर्म हा श्रद्धेचा विषय आहे, बाजाराचा नाही, ही अमेरिकन थिअरी भारताला लागूच होत नाही. म्हणजे दहा पानांत थिअरी सिद्धही झाली आणि बादही झाली, आणि दोन्ही वेळा तपासली मात्र गेली नाही.

असे पेपर खूप येतात. 'श्रद्धा म्हणजे बाजार नव्हे' हे वाक्य लिहिलं की टीका झाली असं वाटतं, पण ही थिअरी मांडणाऱ्या स्टार्क आणि मंडळींना हे वाक्य अजिबात लागत नाही, कारण ते असं म्हणतच नाहीत की भक्त दुकानात उभा राहून भाव करतो. ते म्हणतात की माणूस धर्माच्या बाबतीतही तसाच वागतो जसा इतर बाबतीत, हातात असलेली माहिती, समोरचे पर्याय आणि स्वतःची आवडनिवड या मर्यादेत फायदा-तोटा बघून. आता हे खोडायचं असेल तर माणूस तसा वागत नाही हे दाखवावं लागेल, नुसतं दुखावून चालत नाही.

तर आधी थिअरीचे तुकडे केले. मुळं जुनी आहेत. ॲडम स्मिथने १७७६ मध्येच म्हणून ठेवलंय की सरकारी पगारावर बसलेले धर्मगुरू सुस्तावतात आणि लोकांच्या वर्गणीवर जगणारे नवे पंथ जास्त धडपडतात. मग १९६७ मध्ये पीटर बर्गर आला, तो उलटं म्हणाला, खूप धर्म शेजारी शेजारी नांदायला लागले की कुठलाच उघड उघड खरा वाटत नाही आणि श्रद्धा पातळ होते. रॉडनी स्टार्क, विल्यम बेनब्रिज, रॉजर फिंकी आणि अर्थतज्ज्ञ लॉरेन्स आयानकोनी यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात बर्गरला डोक्यावर उभं केलं. त्यांचं म्हणणं, लोकांची धर्माची एकूण मागणी सगळीकडे साधारण सारखीच असते, फरक पडतो तो पुरवठ्यामुळे. सरकारने एकाच चर्चला मक्तेदारी दिली तर पुरवठा आळशी, लोक घरी. बाजार मोकळा सोडला तर प्रत्येक आवडीला काहीतरी मिळतं आणि सहभाग वाढतो. अमेरिका धार्मिक का आणि युरोपातली चर्चेस रिकामी का, याचं हे त्यांचं उत्तर.

यात खरं तर तीन वेगवेगळे दावे आहेत. एक, माणूस धर्मातही हिशेबाने निवड करतो. दोन, जास्त पर्याय आणि कमी नियंत्रण म्हणजे जास्त सहभाग. तीन, आयानकोनीचा १९९४ चा फेमस दावा, की कडक पंथ मजबूत असतात कारण कडक नियमांमुळे फुकटे लोक बाहेर राहतात. यातला एक पडला म्हणून दुसरे आपोआप पडत नाहीत, आणि बहुतेक विद्यार्थी इथेच घसरतात, सगळं एका गाठोड्यात बांधून एकच शेरा मारतात. तिला मी म्हणलं, प्रत्येक दाव्याला नेरुळमध्ये त्याची स्वतःची परीक्षा दे. ती म्हणाली, "ताई, मग दहा पानांत मावणार नाही." मावतं, प्रस्तावना कापली तर.

सगळ्यात जास्त वेळ दुसऱ्या दाव्यावर गेला, कारण ड्राफ्टचा कणा तोच होता आणि या थिअरीचा खरा वादही तिथेच झालाय. फिंकी आणि स्टार्कने १९८८ मध्ये अमेरिकेतल्या १९०६ च्या धार्मिक गणनेतली शहरं घेतली आणि दाखवलं की ज्या शहरात पंथांची विविधता जास्त तिथे चर्चला जोडलेले लोक जास्त. यातली मजा अशी की नुसते आकडे बघितले तर संबंध उलटा येतो, विविधता जास्त तिथे सहभाग कमी. कॅथलिकांचं प्रमाण मॉडेलमध्ये टाकलं की मग तो सुलटा होतो. आता कॅथलिक जिथे खूप तिथे विविधता आपोआप कमी, म्हणजे हे दोन आकडे एकमेकांना चिकटलेले आहेत, आणि अशी चिकटलेली जोडी एकाच मॉडेलमध्ये बसवली की चिन्ह इकडचं तिकडे व्हायला वेळ लागत नाही. वर्षभरातच यावर भांडण सुरू झालं आणि मग दहा-बारा वर्षं दोन्ही बाजूंनी पेपरमागून पेपर, कुणाचा संबंध धन, कुणाचा ऋण. २००१ मध्ये मार्क चेव्ह्ज आणि फिलिप गॉर्स्की यांनी २६ पेपरमधले १९३ निष्कर्ष एकत्र मांडून सांगितलं की विविधतेने सहभाग वाढतो हा सर्वसाधारण नियम म्हणून टिकत नाही.

पण खरा बॉम्ब पडला २००२ मध्ये. डेव्हिड व्होआस, डॅनियल ओल्सन आणि अलास्डेअर क्रॉकेट यांनी दाखवलं की धन काय आणि ऋण काय, यातले बरेचसे संबंध निव्वळ गणितातून येतात, त्याचा स्पर्धेशी काही संबंधच नाही. हे समजलं नाही तर मार्केट थिअरीवरची टीका अर्धीच राहते, म्हणून इथे जरा थांबू.

विविधता मोजायचा नेहमीचा इंडेक्स असा: प्रत्येक गटाचा वाटा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सगळे वर्ग मिळवायचे आणि ती बेरीज १ मधून वजा करायची. सगळे एकाच गटात असतील तर उत्तर शून्य, जितके विखुरलेले तितकं मोठं. आता तिच्या डोक्यात नेरुळ, सीवूड्स आणि बेलापूर अशी तुलना होती, म्हणून मी मुद्दाम खोटे आकडे घेऊन तीन वस्त्या बनवल्या. प्रत्येकी १०० माणसं, दोनच गट, क आणि ख. क मध्ये तिन्हीकडे ४०. ख मध्ये पहिल्या वस्तीत १०, दुसऱ्या २०, तिसऱ्या ३०.

```
वस्ती १:  ४० + १० = ५०   विविधता ०.३२
वस्ती २:  ४० + २० = ६०   विविधता ०.४४
वस्ती ३:  ४० + ३० = ७०   विविधता ०.४९
```

विविधता वाढली, सहभागही वाढला, स्टार्क खूश. आता ख सगळीकडे २० ठेवा आणि क बदला, ३०, ४०, ५०.

```
वस्ती १:  ३० + २० = ५०   विविधता ०.४८
वस्ती २:  ४० + २० = ६०   विविधता ०.४४
वस्ती ३:  ५० + २० = ७०   विविधता ०.४१
```

एकूण सहभाग अगदी तेच, ५०, ६०, ७०, पण आता विविधता कमी होत जाते, बर्गर खूश. दोन्ही तक्त्यांत कुणी कुणाशी स्पर्धा केली नाही, कुणी कुणाचं गिऱ्हाईक पळवलं नाही, मी फक्त आकडे लिहिले. लहान गटाचा आकार जास्त हलला तर संबंध धन येतो, मोठ्या गटाचा जास्त हलला तर ऋण. कारण सहभागाची बेरीज आणि विविधतेचा इंडेक्स दोन्ही एकाच आकड्यांपासून बनतात. तिने हे स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघितलं आणि मेसेज आला, "मग एवढे सगळे पेपर कशाला लिहिले लोकांनी?" प्रश्न रास्त आहे.

मग खरा परिणाम आहे की गणिताचा खेळ आहे हे ओळखायचं कसं? एक रस्ता व्होआस मंडळींनीच दाखवलाय. प्रत्येक गटाचे आकडे तसेच ठेवायचे पण गावागावांत पत्त्यांसारखे पिसून टाकायचे, क चे आकडे क मध्येच फिरणार, ख चे ख मध्ये. पिसल्यावर स्पर्धेचा परिणाम असूच शकत नाही, कारण कुठल्या गावात कोण समोरासमोर आलं हे आपणच रँडम केलंय. असं पुष्कळ वेळा करायचं आणि दर वेळी विविधता-सहभाग संबंध काढायचा. मूळ डेटातला संबंध या पिसलेल्या संबंधांच्या मधोमधच पडत असेल तर दाखवण्यासारखं काही उरत नाही. दुसरा रस्ता म्हणजे पर्याय एका सोर्समधून मोजायचे आणि सहभाग दुसऱ्यातून, म्हणजे देवळं-संस्थांची यादी वेगळी आणि लोक किती वेळा जातात याचा सर्व्हे वेगळा. तिसरा, वेळेचा क्रम धरायचा, आधी पर्याय वाढले की आधी माणसं. पोस्ट ग्रॅज्युएट टर्म पेपरमध्ये यातलं काही पूर्ण करता येत नाही हे मान्य, पण नुसता इंडेक्स काढून निष्कर्ष ठोकू नये एवढं तरी कळतं.

तर तिने वस्तीवार इंडेक्सचा तक्ता काढून टाकला. तसाही तो टिकला नसता, कारण नेरुळमध्ये त्या इंडेक्सची पहिली अटच पूर्ण होत नाही. एक माणूस एकाच गटात पाहिजे. तिच्या आजीचा आठवडा तिने लिहून काढला तो असा: मंगळवारी गावदेवी, गुरुवारी साई मंदिर, संकष्टीला गणपती, महिन्यातून एकदा शेजारणीबरोबर स्वामींचं केंद्र, चैत्रात कार्ल्याला एकवीरा आई, आणि टीव्हीवर कीर्तन लागलं तर तेही. आजीला कुठल्या रकान्यात टाकायचं? सगळ्यांत टाकलं तर वाट्यांची बेरीज शंभराच्या वर जाते, एकाच ठिकाणी टाकलं तर खोटं लिहिलं.

इथे मात्र न्यायाने वागायला पाहिजे, कारण थिअरीकडे याचं उत्तर आहे आणि टीका करणारे ते सहसा वाचत नाहीत. आयानकोनीने १९९५ मध्ये पोर्टफोलिओची कल्पना मांडली. धर्माकडून काय मिळेल याची खात्री नसते, त्यामुळे माणूस जोखीम वाटून टाकतो, थोडं इथे थोडं तिथे. जिथे धार्मिक सेवा एकेकट्याला मिळते, म्हणजे पूजा, अभिषेक, उपाय, तिथे लोक अनेक ठिकाणी जातात. जिथे ती सगळ्यांनी मिळून तयार होते, सामूहिक उपासना वगैरे, तिथे गट सभासदाला पूर्णपणे आपलाच करून घेतो. आजीचा आठवडा पहिल्या प्रकारात चपखल बसतो. म्हणजे 'अमेरिकन थिअरी आहे, बहुदेवपूजा तिला कळतच नाही' हे वाक्य लिहायला जागा नाही. अडचण वेगळीच आहे. आजी अनेक ठिकाणी जाते हे आयानकोनी सांगतो, पण मग शेजारी नवं देऊळ झालं तर गावदेवीचं गिऱ्हाईक तुटतं असं म्हणता येत नाही, ती दोन्हीकडे जाईल, तिचा एक वार वाढेल फक्त. आणि गिऱ्हाईक तुटण्याची भीती नसेल तर गावदेवीच्या पुजाऱ्याने जास्त कष्ट का घ्यावेत? दुसऱ्या दाव्याचं इंजिन म्हणजे स्पर्धेचा धाक, आणि पोर्टफोलिओमध्ये तो धाकच सैल पडतो. थिअरीचे दोन भाग एकमेकांच्या पायात पाय घालतात, हे पेपरमधलं सगळ्यात चांगलं पान झालं असं माझं मत.

मग पुरवठ्याचा प्रश्न. ड्राफ्टमध्ये नेरुळ म्हणजे मोकळा बाजार असं गृहीत होतं. नवी मुंबईत जमिनीबद्दल मोकळा बाजार हे शब्द ऐकून इथला कुठलाही माणूस हसेल. १९७० ला सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी आली, गावांच्या जमिनी संपादन झाल्या, नोड म्हणजे नियोजित वस्त्या आखल्या गेल्या, आणि मंदिर-मशीद-चर्च-गुरुद्वारासाठी प्लॉट सिडकोकडून घ्यावा लागतो, त्यासाठी नोंदणी झालेली संस्था लागते, ट्रस्टचे कागद लागतात, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावे लागतात. शिवाय २९ सप्टेंबर २००९ ला सुप्रीम कोर्टाने सार्वजनिक जागेवर नवीन अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नका असा आदेश दिला, तेव्हापासून रस्त्याकडेचं छोटं देऊळ उभं करणं आधीइतकं सोपं राहिलं नाही. म्हणजे इथे कुणाला 'दुकान' टाकता येतं हे आधी प्लॅनिंग ठरवतं. गंमत म्हणजे हेही थिअरीच्या विरोधात नाही, चेव्ह्ज आणि कॅन यांनी १९९२ मध्येच म्हणलं होतं की विविधता मोजण्यापेक्षा सरकारी नियंत्रण थेट मोजा. पण त्यांनी मोजलं ते सरकार एखाद्या चर्चला झुकतं माप देतं का हे. नवी मुंबईत झुकतं माप एका धर्माला आहे की नाही हा मुद्दा बाजूला ठेवला तरी, ज्यांच्याकडे सोसायटी रजिस्टर करणारे शिकलेले लोक आणि प्लॉटचे पैसे भरणारे सभासद आहेत त्यांना पुरवठ्यात उतरता येतं, बाकीच्यांना उतरता येत नाही. हे नियंत्रण धर्मावर नाही, जमिनीवर आहे, आणि परिणाम धर्मावर होतो.

आणि क्रम? तिने अय्यप्पा आणि बालाजीच्या देवळांना जाणाऱ्या दोन-तीन जुन्या रहिवाशांना विचारलं तेव्हा साधारण एकच गोष्ट पुढे आली. आधी माणसं आली, नोकरीसाठी. मग कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये भजन, मग हॉल भाड्याने घेऊन मंडलपूजा, मग संस्था, मग प्लॉटसाठी अर्ज, आणि देऊळ सगळ्यात शेवटी. स्टार्कच्या चित्रात पुरवठा मागणीला जागं करतो, इथे मागणी सामान बांधून पलक्कडहून आणि नेल्लूरहून आलेली आहे आणि देऊळ तिच्या मागून. शिवाय अय्यप्पाचं देऊळ गावठाणातल्या आगऱ्यांना ओढायचा प्रयत्न करत नाही, त्यांच्या येण्याला हरकत नाही, पण पाटी मल्याळममध्ये, प्रसाद तिकडचा, आणि शनिवारी संध्याकाळी तिथे भेटायला येणारी माणसं गावाकडची बातमी ऐकायला येतात. स्टार्क आणि फिंकी यांच्याकडे कोनाड्यांची कल्पना आहे, की कुणाला कडक धर्म हवा असतो कुणाला सैल, आणि बाजार त्याप्रमाणे कोनाड्यांत वाटला जातो. नेरुळचे कोनाडे मात्र भाषेचे आणि जातीचे आहेत, त्यात माणूस जन्माने बसतो. देवळांची संख्या इथे स्पर्धा मोजत नाही, स्थलांतर मोजते.

जाता जाता पोलंड आणि आयर्लंडचा एक परिच्छेद तिने ठेवला. दोन्हीकडे कॅथलिकांची जवळपास मक्तेदारी आणि तरी विसाव्या शतकात बराच काळ चर्चेस भरलेली. स्टार्कची सफाई अशी की तिथे चर्च राष्ट्राच्या लढ्याचं हत्यार होतं, संघर्षाने स्पर्धेची जागा घेतली. मान्य करू, पण मग स्पर्धा असली तरी सहभाग वाढतो आणि नसली तरी वाढतो, आणि अपवाद प्रत्येक वेळी नंतर समजावला जातो. स्टीव्ह ब्रूस हाच मुद्दा फार तिखट लिहितो. तिने त्याचा तिखटपणा कॉपी करायचा प्रयत्न केला होता, तो मी काढायला लावला, एम.ए.च्या पेपरमध्ये उसना राग वाचायला बरा वाटत नाही.

आता पहिला दावा, हिशेबाने निवड. ड्राफ्टमध्ये इथे नवस होता आणि तो दिसायला थिअरीचं आवडतं पोर होता. आजीने नातवाच्या आजारपणात एकवीरेला नवस केला, तो बरा झाल्यावर कार्ल्याला जाऊन फेडला. देवाणघेवाण झाली की नाही? स्टार्क म्हणतोच की धर्म म्हणजे देवांशी देवाणघेवाण. पण बारकाईने बघितलं तर स्टार्क-बेनब्रिजच्या मूळ मांडणीत धर्म जी वस्तू विकतो ती म्हणजे आश्वासन, ज्याची खातरजमा या जन्मात होत नाही, स्वर्ग, मोक्ष, अमरत्व. नवसात उलटं आहे, काम झाल्यावर पैसे. खातरजमा आधी, खर्च नंतर. बेनब्रिजसोबत लिहिताना स्टार्कने अशा ठरावीक छोट्या कामाच्या व्यवहाराला जादूच्या बाजूला टाकलंय आणि असंही म्हणलंय की जादू तपासली जाऊ शकते म्हणून ती नाजूक, फेल गेली की लोक सोडतात. आजीला तिने विचारलं, नवस पुरा झाला नसता तर? आजी म्हणाली, "आईच्या मनात नव्हतं म्हनायचं, अजून काय." देव बदलायचा प्रश्न तिच्या डोक्यात आलाच नाही.

आणि तो येणारही नाही, कारण एकवीरा कुळदैवत आहे. इथे मला वाटतं नेरुळचं उदाहरण या थिअरीला खरोखर काहीतरी नवीन विचारतं. आयानकोनीची धार्मिक भांडवलाची कल्पना अशी: लहानपणापासून एका धर्मातले मंत्र, रीती, ओळखीपाळखी शिकण्यात माणूस गुंतवणूक करतो, म्हणून तो सहसा धर्म बदलत नाही, बदलला तर जवळचाच घेतो, आणि लग्न स्वधर्मीयाशी करतो म्हणजे दोघांचं भांडवल वाया जात नाही. छान. पण आपल्याकडे मुलगी लग्न करून गेली की तिचं कुळदैवत त्या दिवशी बदलतं. माहेरच्या देवीची ओटी, तिच्या सणाचे वार, टाक, कुळाचार, सगळं मागे, आणि सासरचं पहिल्यापासून शिकायचं, बहुतेक वेळा सासूच्या नजरेखाली. भांडवल बुडतं आणि ते फक्त बाईचं बुडतं, नवऱ्याचं तसंच राहतं. तिने आईला विचारलं की तुला विचारलं होतं का कुणी, आई नुसती हसली म्हणे. हा निर्णय कुणी घेतला? निर्णय झालाच नाही, तो नियम आहे. थिअरी व्यक्तीला एकक धरते आणि इथे एकक कुळ आहे. कुणी म्हणेल की घराणं फायदा बघून वागतं, चालेल, पण मग घरातल्या घरात खर्च कुणाच्या डोक्यावर पडतो हे सांगायला लागेल, आणि त्यासाठी आवडनिवड हा शब्द पुरत नाही, सत्ता म्हणावं लागतं. (या बाजूने जाणारी मंडळी कधीकधी 'आईने नियम पाळणं निवडलं कारण न पाळण्याची किंमत जास्त होती' म्हणतात. असं म्हणायला लागलो की जगात न निवडलेलं काहीच उरत नाही आणि दावा तपासता येत नाही. ही पळवाट पेपरमध्ये नाव घेऊन दाखवायला सांगितली.)

तिसरा दावा, कडक ते मजबूत. मला आधी वाटलेलं की हा गावठाणात पडेल, पण तोच सगळ्यात चांगला टिकला. माळकरी लोक घ्या. गळ्यात तुळशीची माळ घातली की मासळी-मटण बंद, दारू बंद, एकादशी आली, जमेल तशी वारी आली. आता आगरी-कोळी गावात मासे सोडणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळणार नाही. आणि हळद! लग्नाच्या आदल्या रात्रीची हळद म्हणजे मटण, बाटली, डीजे, आणि तिथे माळ घालून बसलेला माणूस भाजी-भाकरी शोधत फिरतो, चार जण चिडवतात. आयानकोनी याला त्याग आणि कलंक म्हणतो आणि सांगतो की ही किंमत वाया जात नाही, तिच्यामुळे हौशे-नवशे गाळले जातात आणि जे उरतात ते खरंच हजर राहतात, त्यामुळे प्रत्येकाला मिळणारा अनुभव दाट होतो. तिच्या काकांनी माळ घातलीय, ते म्हणाले की भजनाला ठरलेली माणसं येतात म्हणजे येतात, मंडळाच्या मीटिंगला मात्र फोन करकरून दहातली तीन. अगदी हेच तर आयानकोनी सांगतो. शिवाय एक फायदा घरच्या बायकांनी सांगितला जो काकांनी नाही सांगितला, माळ घातल्यावर दारू सुटली आणि पगार घरात यायला लागला.

पण एक फरक आहे आणि तो लिहिण्यासारखा आहे. आयानकोनीच्या मॉडेलमध्ये कडकपणा बाहेरचे पर्याय महाग करतो, आणि कडक पंथ सहसा दुसऱ्या देवाकडे जाऊच देत नाही. काकांची माळ दुसऱ्या देवाला अडवत नाही. घरात गणपती बसतो, एकवीरेला जातात, फक्त तिथे बळीच्या मटणाला हात लावत नाहीत. माळ जे अडवते ते हळदीतलं टेबल. म्हणजे कडक आणि एकनिष्ठ या दोन गोष्टी आयानकोनीने जोडून ठेवल्यात त्या सुट्या होऊ शकतात, कडकपणाचं काम खर्च टाकून गाळणी लावणं एवढंच आहे, आणि त्याला देवांची मक्तेदारी लागत नाही. ही थिअरीवरची टीका आहे पण तिला दुरुस्त करणारी. अर्थात एक शंका तिने प्रामाणिकपणे टाकली, की माळ घालणारे आधीपासूनच शिस्तीचे असतील तर गाळणीचं श्रेय माळेला का द्यायचं. दारू सुटलेले काका त्या शंकेच्या विरुद्ध जातात, पण काका एकच आहेत.

शेवटी पेपरचा निष्कर्ष असा बसला: बाजाराची भाषा नेरुळमध्ये गटाच्या आतल्या गोष्टी समजायला उपयोगी, कोण टिकतं, फुकटे कसे गळतात. गटागटांमधल्या गोष्टी, म्हणजे किती देवळं आणि त्यामुळे किती भक्ती, यावर ती कमी पडते, कारण मोजायची पद्धतच फसवी आहे, पुरवठा जमिनीने बांधलेला आहे आणि लोक अनेक ठिकाणी जातात. आणि कुळाचाराच्या बाबतीत तिचं एककच चुकतं. गणेशोत्सव मंडळांवर आणि ठाण्याच्या दहीहंडीवर एक लांबलचक भाग होता, बक्षिसं, बॅनर, कोणत्या नेत्याची हंडी मोठी वगैरे, तिथे स्पर्धा उघड्या डोळ्यांनी दिसते, पण ती स्पर्धा भक्तासाठी आहे की मतदारासाठी हे वेगळं करायला तिच्याकडे काहीच मटेरियल नव्हतं, म्हणून तो सगळा भाग काढला. तिला वाईट वाटलं, फोटो चांगले होते.

व्हायव्हामध्ये बाहेरून आलेल्या मॅडमनी एकच अडचणीचा प्रश्न विचारला: गावठाणातल्या एका घरावरून आणि चार मुलाखतींवरून तुम्ही स्टार्कला खोडताय का? ती म्हणाली, "नाही मॅडम, खोडत नाहीये. विविधतेचा दावा मी माझ्या डेटाने पाडलेलाच नाही, तो गणिताने पडतो. माझा डेटा फक्त कुळदैवत आणि माळ या दोन ठिकाणी वापरलाय, आणि तिथे मी एवढंच म्हणते की मॉडेलमध्ये ही केस बसवायला काय बदलावं लागेल." मॅडमनी पुढचा प्रश्न सिडकोच्या प्लॉटवर विचारला, कारण त्या स्वतः कोपरखैरण्याला राहतात.